१ अब्ज सेकंद = किती वर्षं?

"१ अब्ज सेकंदांची वर्षं काढताना एकदा ३१.७१ आली, एकदा ३१.६९. बरोबर कोणतं? आणि ३१.६९ म्हणजे ३१ वर्षं ६९ दिवस का?"

तुमचे दोन्ही भागाकार बरोबर आहेत, फक्त वर्ष वेगवेगळ्या लांबीचं धरलं गेलंय. ६९ दिवस मात्र नाहीत. ०.६९ हा वर्षाचा भाग आहे, म्हणजे आठ महिन्यांहून थोडा जास्तच काळ.

अशा गणितात मी दशांश टाळतो आणि प्रत्येक पायरीची बाकी बाजूला लिहून ठेवतो. १,००,००,००,००० ला ६० ने भागा: १,६६,६६,६६६ मिनिटं, बाकी ४० सेकंद. मिनिटांना पुन्हा ६० ने भागलं की २,७७,७७७ तास येतात आणि ४६ मिनिटं उरतात. तासांना २४ ने भागल्यावर ११,५७४ दिवस आणि १ तास. म्हणजे १ अब्ज सेकंद = ११,५७४ दिवस, १ तास, ४६ मिनिटं, ४० सेकंद. इथपर्यंत कुणाचंही उत्तर हेच यायला हवं. दिवस एकदम १,१५,७४० किंवा १,१५७ आले, तर भागाकार तपासण्याआधी अब्जाची नऊ शून्यं मोजा.

खरी गफलत पुढे होते, कारण मिनिट, तास, दिवस ठरलेल्या मापाचे आहेत, वर्ष तसं नाही. ३६५ ने भागलं तर ३१ वर्षं आणि २५९ दिवस येतात, तेच तुमचं ३१.७१. पण ३१ वर्षांत ७ किंवा ८ वेळा २९ फेब्रुवारी येतो, आणि ते दिवस या २५९ मध्ये लपलेले असतात. ३६५.२५ ने भागताना ते सरासरीने वजा होतात, म्हणून ३१.६९. नुसता अंदाज हवा असेल तर हेच घ्या.

नेमकी तारीख हवी असेल तर सरासरी सोडा आणि कॅलेंडर धरा. १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून मोजू. २००० संपेपर्यंत ३१ वर्षं होतात. त्यात १९७२ पासून २००० पर्यंत ८ लीप वर्षं, म्हणून ११,३१५ + ८ = ११,३२३ दिवस. ११,५७४ मधून ते वजा केले की २५१ उरतात. २००१ मध्ये ऑगस्टअखेर २४३ दिवस संपतात, पुढचे ८ धरले की ९ सप्टेंबर उजाडतो. वेळ, मघाच्या बाक्यांतून, ०१:४६:४०.

ही तारीख मी मुद्दाम निवडली. युनिक्स संगणक १९७० च्या त्याच क्षणापासून सेकंद मोजतात, त्यामुळे लिनक्सवर ताळा करता येतो:

```
date -u -d @1000000000
```

९ सप्टेंबर २००१, ०१:४६:४० हेच दिसेल. आता सुरुवातीला स्वतःची जन्मतारीख घाला आणि तिथून ३१ व्या वाढदिवसापर्यंतचे २९ फेब्रुवारी बोटांवर मोजा. ते ७ निघाले तर ३१ व्या वाढदिवसानंतर २५२ दिवस, ८ निघाले तर २५१.