‘पुढे शून्य लाव’ म्हणजे नक्की कुठं?

प्रश्न: गाड्यांच्या वेळा १४३०, १३०, ४५ अशा आल्यात. त्या १४:३० सारख्या करायच्या आहेत. कमी पडलेलं शून्य ‘पुढे’ लावा म्हणतात, ते नक्की कुठं लावायचं?

डावीकडे. दुसऱ्याला सांगतानाही ‘डावीकडे’ असंच सांगा. रांगेत आपल्या पुढे उभा असलेला माणूस आपल्या आधीचा असतो, पण लिहिताना हात उजवीकडे ‘पुढे’ सरकतो. त्यात आपण ‘एकावर शून्य दहा’ म्हणत शिकलेलो, म्हणून शून्य लाव म्हटलं की ते उजवीकडेच जातं.

आमच्या घरच्या लग्नात हेच झालं. परभणी स्टेशनवर पाहुण्यांना आणायला जायच्या वेळा मी संगणकावरच्या शीटमध्ये भरल्या. मी ०१३० टाइप केलं, शीटनं ती साधी संख्या धरून १३० ठेवली. भाच्याला म्हणालो, “तीन आकडी दिसेल तिथं पुढे शून्य लाव.” त्यानं १३०० केलं. रात्री दीडची गाडी दुपारी एकची झाली आणि मामा-मामी मध्यरात्री फलाटावर बसून राहिले. ३४५ चं ३४५० झालं होतं, ते लगेच डोळ्यात भरलं, कारण चौतीस वाजत नाहीत. १३०० मात्र खरी वेळ दिसते, म्हणून ती चूक पकडता आली नाही. एक-दोनच्या सुमाराच्या वेळा मुळाशी ताडून बघा, असं मी म्हणतो ते यामुळंच.

१४३० ही ‘चौदाशे तीस’ अशी एक संख्या नाही. ‘चौदा’ आणि ‘तीस’ हे शेजारी ठेवलेले दोन आकडे आहेत, म्हणून तर आपण ‘चौदा तीस’ म्हणतो. त्यामुळं मोजायचं उजवीकडून: शेवटची दोन घरं मिनिटांची, उरलेली तासांची. १३० मध्ये ३० मिनिटं, तास १, म्हणजे ०१:३०. ४५ मध्ये तासाला काहीच उरत नाही, म्हणजे ००:४५, आपली रात्रीची पाऊण. नुसता ५ दिसला तर ००:०५, पहाटेचे पाच नव्हेत.

वेळ A2 मध्ये असेल तर शेजारच्या घरात हे लिहा:

```
=IF(A2="","",TIME(INT(A2/100),MOD(A2,100),0))
```

त्या घराचा फॉरमॅट `hh:mm` ठेवा, डावीकडचं शून्य आपोआप दिसेल. सुरुवातीचा `IF` रिकाम्या घरासाठी आहे. तो नसेल तर जिथं वेळच भरलेली नाही तिथंही ००:०० उमटतं आणि वाचणाऱ्याला ती मध्यरात्रीची गाडी वाटते.

हे सूत्र टायपिंगची चूक मात्र पकडत नाही. १३५७ ऐवजी १३७५ पडलं तर ते पंचाहत्तर मिनिटांचा तास करून गुपचूप १४:१५ दाखवतं. म्हणून आधी शेवटचे दोन आकडे कुठं ५९ च्या वर गेलेत का, ते पाहून घ्या.