उंच मुलाचे खेळाचे कपडे: मुलांचं माप की मोठ्यांचं स्मॉल?

प्रश्न: माझा मुलगा 13 वर्षं 8 महिन्यांचा आहे, आठवड्यातून चार दिवस बास्केटबॉल खेळतो. गेल्या जुलैत उंची 160 सेंमी होती, आता 169 आहे. छाती 79, कंबर 66. बाबांची उंची 180, माझी 162. सेलमध्ये मुलांच्या 15-16 वर्षांच्या मापात टी-शर्ट 649, शॉर्ट्स 599 आणि ट्रॅक पँट 999 रुपयांना आहे. तेच मोठ्यांच्या स्मॉलमध्ये 899, 849 आणि 1,399. चार टी-शर्ट, तीन शॉर्ट्स आणि दोन ट्रॅक पँट असं वर्षाचं एकदम घेतलं तर 6,391 विरुद्ध 8,941. मुलांच्या मापाची ट्रॅक पँट घालून पाहिली, उभं राहिल्यावर घोट्यापर्यंत येते, बसलं की चार बोटं वर जाते. शिवाय क्लबच्या जर्सीसाठी युथ एक्सएल की अडल्ट स्मॉल ते कळवायचंय. धाकटी मुलगी 11 वर्षांची आहे, कपडे पुढे तिला होतील असंही वाटतं. काय करावं? (एक आई, नाशिक)

उत्तर:

ताई, तुम्ही मापं लिहून पाठवलीत हे फार बरं केलंत, नाहीतर उत्तर अंदाजानेच द्यावं लागलं असतं. आधी निर्णय सांगतो: टी-शर्ट आणि शॉर्ट्स मुलांच्या मापात घ्या, पण वर्षाचे नाही. ट्रॅक पँट मात्र आत्ताच मोठ्यांच्या मापात घ्या. जर्सीसाठी अडल्ट स्मॉल कळवा. सगळं एकाच दिवशी मोठ्यांच्या मापात न्यायचं कारण नाही, कारण मुलगाही सगळीकडून एकदम वाढत नाहीये.

मुलगे साधारण तेरा-चौदाच्या सुमारास सर्वांत वेगाने वाढतात. त्या एका वर्षात आठ-दहा सेंटीमीटर उंची वाढणं नेहमीचं आहे, आणि तुमच्या मुलाचे 9 सेंमी त्यातच बसतात. या वाढीचा एक क्रम असतो. आधी पावलं, मग पाय लांब होतात, धड त्यांच्या मागून वाढतं आणि खांदे-छाती सगळ्यांत शेवटी भरतात. म्हणून या वयातली उंच मुलं काडीसारखी दिसतात. कपड्यांच्या भाषेत सांगायचं तर पँट आधी आखूड होते, टी-शर्ट नंतर लांबीला कमी पडतो आणि छातीत तो सर्वांत उशिरा घट्ट होतो. मोठ्यांच्या मापात जायचंही याच क्रमाने.

आता पैशांकडे येऊ. खेळाच्या कपड्याचं आयुष्य दोन प्रकारे संपतं: अंगाला लहान होऊन किंवा कापड आणि इलॅस्टिक जाऊन. यातलं जे आधी होईल तिथवरचे महिने मोजायचे आणि किमतीला त्यांनी भागायचं. आठवड्यातून चार दिवस घाम आणि धुणं असेल, तर माझ्या घरच्या अनुभवात कापड सव्वा वर्ष नीट टिकतं. मी इथे तेच 15 महिने धरतो.

ट्रॅक पँटचा हिशोब अगदी सरळ आहे. मुलांच्या मापाची पँट आत्ताच घोट्यावर आली आहे. पाय वाढतच आहेत, त्यामुळे ती चार-पाच महिने चालेल. चार धरले तर 999 रुपयांचे महिन्याला 250 झाले. मोठ्यांच्या मापाची पँट कापड जाईपर्यंत चालेल, म्हणजे 1,399 भागिले 15, महिन्याला साधारण 93. सेलमध्ये दोन पँटवर वाचणारे 800 रुपये दिवाळीनंतर पुन्हा 2,798 भरताना कुठे गेले ते कळणारही नाही. माझ्या थोरल्याच्या वेळी मी हीच चूक केली होती. सेलमधल्या तीन ट्रॅक पँट एकदम घेतल्या, त्यातली तिसरी कोरीच राहिली आणि शेवटी शेजारच्या मुलाला दिली.

अडचण कमरेची आहे. पुरुषांचं स्मॉल बऱ्याच ब्रँडच्या तक्त्यात 73 सेंमीच्या आसपासच्या कमरेपासून सुरू होतं आणि मुलाची कंबर 66 आहे. सात सेंटीमीटरची ढिलाई नाडीने आवळता येते, पण धावताना तिथे चुण्या जमतात. ब्रँडकडे पुरुषांचं एक्सएस असेल तर ते आधी घालून पाहा. कमरेत ते बरंच लहान असतं, लांबीत मात्र स्मॉलपेक्षा फारसा फरक नसतो. ते नसेल तर स्मॉल घेऊन शिंप्याकडून मागचं इलॅस्टिक आत घेऊन घ्या. पायाकडे जास्त लांबी आली तर कापू नका, आत दुमडून हातशिलाई घाला. शाळेच्या पँटला आपण पूर्वी करायचो तेच. पुढे उसवली की दोन-तीन सेंटीमीटर परत मिळतात.

टी-शर्टचं गणित इतकं सरळ नाही, आणि ते मी लपवणार नाही. 15-16 च्या लेबलवर वयाखाली कुठे 170 किंवा 176 असा आकडा दिसतो का पाहा. बऱ्याच परदेशी ब्रँडमध्ये तो उंचीचा आकडा असतो आणि वयापेक्षा तोच जास्त खरा. 176 असेल तर तुमच्या मुलाला नऊ-दहा महिने मिळतील. 649 भागिले 10, म्हणजे महिन्याला 65. मोठ्यांचा 899 चा टी-शर्ट कापड जाईपर्यंत चालेल, म्हणजे महिन्याला 60. कागदावर मोठ्यांचाच पाच रुपयांनी स्वस्त पडतो!

तरीही मी मुलांच्या मापाचाच घ्या म्हणतो. पुरुषांच्या स्मॉलचा तक्ता साधारण 88 सेंमी छातीपासून सुरू होतो, आणि मुलाची छाती त्याच्या नऊ सेंटीमीटर अलीकडे आहे. खांद्याची शिवण दंडावर उतरेल, बाही कोपरापर्यंत येईल, नेम धरताना कापड हाताला अडेल. असा टी-शर्ट मुलं दोनदा घालतात आणि मग कपाटात ठेवून देतात. महिन्याला 60 रुपयांचा हिशोब तो रोज अंगावर असेल तरच खरा. लेबलवर 170 असेल किंवा तो टी-शर्ट आत्ताच आखूड होत असेल, तर मात्र मोठ्यांच्या एक्सएसकडे वळा. हे ओळखायला दुकानात त्याला दोन्ही हात वर करून चेंडू टाकल्यासारखं करायला सांगा. पोट दिसलं तर लांबी संपली.

शॉर्ट्सना लांबीचा प्रश्न जवळजवळ नसतोच, त्यांचं माप कंबर ठरवते. तेव्हा त्या मुलांच्याच.

मापाबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ऑनलाइन खरेदीत इथेच पैसे वाया जातात. मोठ्या ब्रँडच्या तक्त्यातला छातीचा आकडा अंगाचा असतो. बरेच छोटे विक्रेते मात्र तयार कपड्याचं माप देतात. एकीकडे 88 म्हणजे 88 छातीच्या माणसासाठी, दुसरीकडे 88 म्हणजे कपडाच तेवढा, जो 79 च्या छातीला कसाबसा मोकळा होईल. संशय आला तर मुलाला नीट बसणारा जुना टी-शर्ट टेबलावर सपाट पसरा, काखेखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजा आणि दुप्पट करा. त्या आकड्याशी तुलना केली की फसगत होत नाही. पँटसाठी पायाच्या आतल्या बाजूची लांबी मोजा: भिंतीला टेकून अनवाणी उभं करायचं, एक पातळ पुस्तक दोन्ही पायांमध्ये वरपर्यंत आडवं धरायचं आणि तिथून जमिनीपर्यंतचं अंतर घ्यायचं.

जर्सीचं उत्तर टी-शर्टच्या उलट आहे. बास्केटबॉलच्या सामन्यात जर्सी शॉर्ट्समध्ये खोचावी लागते. उडी मारली की आखूड जर्सी दर वेळी बाहेर येते, म्हणून इथे छातीपेक्षा लांबी महत्त्वाची. शिवाय नाव-नंबर छापलेली जर्सी परत घेत नाहीत आणि ती फक्त सामन्यांना घातली जात असल्याने कापड लवकर जात नाही. अडल्ट स्मॉल दोन हंगाम चालेल. काखेचा घेर मोठा वाटला तर शिंप्याकडून बाजूच्या शिवणी दोन-दोन सेंटीमीटर आत घेऊन घ्या, कापड मात्र कापू देऊ नका. क्लबकडे नमुन्याची जर्सी असेल तर ऑर्डरआधी एकदा घालून पाहाच.

मुलीला कपडे होतील हा विचार आईचा आहे आणि मला तो पटतोही, पण या खरेदीच्या हिशोबात त्याचा एक रुपयाही धरू नका. आई-बाबांच्या उंचीवरून मुलांची ढोबळ उंची काढतात: दोघांची बेरीज, मुलासाठी त्यात 13 मिळवायचे, मुलीसाठी 13 वजा करायचे आणि दोनाने भागायचं. तुमच्या घरी मुलगा साधारण 177 आणि मुलगी 164 च्या आसपास येते, आठेक सेंटीमीटर इकडे-तिकडे धरून. 176 उंचीसाठी शिवलेला कपडा तिला बहुधा नेहमीच मोठा राहील, आणि तोवर त्याचं इलॅस्टिकही गेलेलं असेल. त्याच्या आधीच्या वर्षांचे, 160 च्या मापाचे कपडे मात्र नीट ठेवले असतील तर तिला दोन वर्षांत नक्की उपयोगी येतील. मुलींची वेगाची वाढ मुलांच्या आधी होते, बाराच्या सुमारास.

म्हणजे आजची यादी अशी: मुलांच्या मापाचे तीन टी-शर्ट 1,947, दोन शॉर्ट्स 1,198, मोठ्यांच्या दोन ट्रॅक पँट 2,798. एकूण 5,943, म्हणजे तुमच्या स्वस्त यादीपेक्षाही 448 ने कमी. चौथा टी-शर्ट आणि तिसरी शॉर्ट्स सेल आहे म्हणून घेऊ नका. त्यातलं एक जरी न वापरता लहान झालं तरी सहाशे रुपये गेले. तुमची 8,941 खर्चायची तयारी होती, तर उरलेले 2,998 वेगळे ठेवा, म्हणजे पुढच्या खेपेची सोय झाली.

ती खेप साधारण फेब्रुवारीत येईल. तोवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उंची आणि छाती वहीत लिहा. छाती 84-85 ला पोचली की टी-शर्टही मोठ्यांच्या मापात न्या. पण तेव्हाही स्मॉलचे दोनच घ्या. 177 च्या घरात जाणारा खेळणारा मुलगा खांदे भरले की मीडियममध्ये जाण्याची शक्यता मोठी आहे, आणि तसं झालं तर स्मॉल त्याला वर्ष-दीड वर्षच पुरेल.