स्लॅबचा लोड कॉलमपर्यंत आणताना हिशोब का जुळत नाही?

प्रश्न: पार्किंग अधिक चार मजल्यांच्या बिल्डिंगमध्ये मधल्या कॉलमचा लोड मी दोन पद्धतींनी काढला. ट्रिब्युटरी एरियाने कमी येतो, आणि बीमवरचा त्रिकोण-समलंब लोड समान करून आणला तर बराच जास्त येतो. बरोबर कोणता? सेल्फ वेट आणि लाइव्ह लोड नक्की कुठे धरायचे?

उत्तर:

ट्रिब्युटरी एरियाचा आकडा बरोबर आहे. दुसऱ्या पद्धतीतही तत्त्व चुकलेलं नाही. बहुधा तुम्ही बेंडिंगसाठीचं सूत्र लोडसाठी वापरलं आहे. मापं दिली नाहीत, म्हणून मी एक साधा प्लॅन धरतो: एका बाजूने 4 मीटरचे तीन गाळे, दुसऱ्या बाजूने 5 मीटरचे दोन. म्हणजे 12 मीटर बाय 10 मीटर आणि एकूण 12 कॉलम. त्यातले दोनच आतले, त्यांपैकी एक घेऊ.

या कॉलमपासून चारी दिशांना शेजारच्या कॉलमपर्यंतच्या अंतराच्या मध्यावर रेघ मारली की त्याच्या वाट्याला 4 × 5 = 20 चौ.मी. स्लॅब येते. बाहेरच्या ओळीतल्या कॉलमला 10 आणि कोपऱ्यातल्याला 5. दोन आतले, सहा कडेचे, चार कोपऱ्यातले मिळून 40 + 60 + 20 = 120 चौ.मी. होतात, म्हणजे पूर्ण मजला. ही बेरीज पुढे काहीही मोजण्याआधी करून घ्याच.

आता स्लॅब. 125 मिमी जाडीच्या स्लॅबचं स्वतःचं वजन 0.125 × 25 = 3.125 किलोन्यूटन प्रति चौ.मी. फरशी आणि खालचा मसाला मिळून 1 धरू. राहत्या घराचा लाइव्ह लोड आयएस 875 च्या दुसऱ्या भागाप्रमाणे 2. एकूण 6.125. वीस चौ.मी.ला गुणलं की एका मजल्यावर स्लॅबकडून 122.5 किलोन्यूटन.

तुमची गाडी अडली ती याच्या पुढे. पॅनेलच्या कोपऱ्यांतून 45 अंशांच्या रेघा काढल्या की 4 मीटरच्या बीमवर त्रिकोण येतो आणि 5 मीटरच्या बीमवर समलंब चौकोन. आयएस 456 मध्ये दोन दिशांच्या स्लॅबसाठी हीच वाटणी दिली आहे. त्रिकोणाचं क्षेत्रफळ ½ × 4 × 2 = 4 चौ.मी. समलंबाच्या समांतर बाजू 5 आणि 1, उंची 2, म्हणून 6 चौ.मी. दोन त्रिकोण, दोन समलंब: 8 + 12 = 20. पॅनेल पूर्ण वाटलं गेलं.

आतल्या बीमला दोन्ही बाजूंनी स्लॅब आहे. त्यामुळे 4 मीटरच्या बीमवर 8 चौ.मी.चा लोड म्हणजे 49 किलोन्यूटन, आणि 5 मीटरच्या बीमवर 12 चौ.मी.चा म्हणजे 73.5. प्रत्येक बीम निम्मा लोड या कॉलमला देतो, निम्मा पलीकडच्याला. कॉलमला असे दोन लहान आणि दोन मोठे बीम येऊन मिळतात, म्हणून 49 + 73.5 = 122.5. वर ट्रिब्युटरी एरियाने आला तोच आकडा. हे जुळणारच, कारण दोन्हीकडे तीच स्लॅब वाटली आहे. एकदा थेट कॉलमला, एकदा बीममार्गे.

मग जास्त कुठून आला? पुस्तकात त्रिकोणाचा समान लोड `w·lx/3` आणि समलंबाचा `(w·lx/6)·(3 − (lx/ly)²)` असा दिलेला असतो. ही सूत्रं मधल्या बेंडिंग मोमेंटवरून काढलेली आहेत. त्रिकोणाचा लोड गाळ्याच्या मध्याकडे जास्त गोळा झालेला असतो, तेवढाच लोड सारखा पसरला असता तर मोमेंट कमी आला असता. तो मोमेंट गाठण्यासाठी सूत्र लोड मुद्दाम फुगवतं. बीमच्या सळ्या काढायला हे ठीक आहे, पण त्यावरून कॉलमची रिअॅक्शन काढली की मुळात नसलेलं वजन खाली जातं. आपल्या पॅनेलमध्ये बघा: लहान बीमवर एका बाजूने 4 ऐवजी 5.33 चौ.मी., मोठ्यावर 6 ऐवजी 7.87. कॉलमच्या वाट्याला 20 ऐवजी 26.4 चौ.मी. येतात, म्हणजे मजल्यामागे सुमारे 39 किलोन्यूटन जादा. त्या मजल्याचा लाइव्ह लोडच 40 आहे, म्हणजे तो जवळजवळ दोनदा धरल्यासारखं झालं. तुमच्या दोन उत्तरांमध्ये स्लॅबपुरता साधारण 30 टक्क्यांचा फरक असेल तर कारण हेच. शिअर आणि रिअॅक्शनसाठी क्षेत्रफळ भागिले लांबी एवढंच घ्या: त्रिकोणाला `w·lx/4`, आणि समलंबाला इथे `6w/5`.

आता सेल्फ वेट. बीम 230 × 450 मिमी धरू. वरचे 125 मिमी स्लॅबमध्ये मोजून झाले, म्हणून खाली लटकणारे 325 मिमीच घ्यायचे: 0.23 × 0.325 × 25 = 1.87 किलोन्यूटन प्रति मीटर. कॉलमच्या वाट्याला चार अर्धे बीम, म्हणजे 9 मीटर लांबी, आणि वजन 16.8 किलोन्यूटन. पूर्ण 450 खोली धरली असती तर साडेसहा किलोन्यूटन फुकट वाढले असते.

भिंतीकडे मात्र खास लक्ष द्या, कारण ट्रिब्युटरी एरियाच्या हिशोबातून हमखास सुटते ती भिंत. ती स्लॅबवर पसरलेली नसते, थेट बीमवर उभी असते, म्हणून चौरस मीटरच्या आकड्यात दिसत नाही. मजल्याची उंची 3 मीटर, बीमखाली उरतात 2.55. साडेचार इंची विटांची भिंत, दोन्हीकडून प्लास्टर, मिळून 2.8 किलोन्यूटन प्रति चौ.मी.च्या आसपास, म्हणजे मीटरला 7.1. चारही बीमवर भिंत असेल तर 9 मीटरला 64 किलोन्यूटन, म्हणजे स्लॅबकडून येणाऱ्या एकूण लोडच्या निम्म्याहून जास्त. हीच भिंत 150 मिमीच्या एएसी ब्लॉकची असती तर प्लास्टरसकट साधारण 38 वर आली असती. दारांसाठी वजावट करायचा मोह सुरुवातीला टाळावा. घरमालक दारं बुजवतात आणि नव्या भिंती बांधतात.

कॉलम 300 × 450 मिमी. बीमखालची उंची 2.55 मीटर धरली की 8.6 किलोन्यूटन. (जोडाचा भाग बीमच्या 9 मीटरमध्ये आलाच आहे.)

एका मजल्याचे 122.5 + 16.8 + 64 + 8.6, म्हणजे जवळपास 212 किलोन्यूटन. गच्ची वेगळी. तिथे आतल्या बीमवर भिंत नाही, पण आपल्याकडचा विटांच्या तुकड्यांचा वॉटरप्रूफिंगचा कोबा असतो. सरासरी 115 मिमीचा धरला तर तोच 2.3 किलोन्यूटन प्रति चौ.मी. होतो, फरशीच्या दुपटीहून जास्त. वापरात असलेल्या गच्चीचा लाइव्ह लोड 1.5. म्हणजे 6.925 × 20 = 138.5, त्यात बीम आणि कॉलम मिळवले की 164.

आता वरून खाली या. गच्चीखालच्या कॉलमच्या तळाशी 164, त्याखाली 376, मग 588, 800, आणि पार्किंगच्या कॉलमच्या तळाशी 1012 किलोन्यूटन. प्लिंथ बीमचं वजन त्याच्याही खाली कॉलमला मिळतं, म्हणून ते फुटिंगच्या हिशोबात घ्या.

या 1012 मध्ये लाइव्ह लोड 4 × 40 + 30 = 190 आहे, बाकी 822 डेड. डेड आणि लाइव्ह शेवटपर्यंत दोन वेगळ्या रकान्यांत ठेवा, कारण कपात फक्त लाइव्हला मिळते. सगळे मजले एकाच वेळी पूर्ण भरलेले असण्याची शक्यता कमी, म्हणून आयएस 875 गच्चीसकट दोन मजले उचलणाऱ्या कॉलमला 10 टक्के, तीनला 20, चारला 30 आणि पाच ते दहा मजल्यांना 40 टक्के सूट देतं. गोदाम, गॅरेज अशा ठिकाणी ही सूट नाही, कारण तिथे माल खरोखरच सगळीकडे भरलेला असू शकतो. आपला तळाचा कॉलम पाच मजले उचलतो, तेव्हा 190 चे 114 झाले. फॅक्टर लावून 1.5 × (822 + 114) = 1404 किलोन्यूटन.

एम 25 काँक्रीट आणि एक टक्का एफई 500 सळी धरली तर `0.4·fck·Ac + 0.67·fy·Asc` ने या कॉलमची क्षमता साधारण 1790 येते. पण 1404 ला 1790 पुरेसे आहेत म्हणून कॉलम पास समजू नका. यात बीमकडून येणारा मोमेंट नाही आणि भूकंप-वाऱ्याची जुळणी नाही. ट्रिब्युटरी एरिया कॉलमचा प्राथमिक आकार आणि फुटिंगचा अंदाज ठरवायला, आणि सॉफ्टवेअर तपासायला वापरायचा.

तपासताना दोन गोष्टी दिसतील. स्टॅडमध्ये स्लॅबच्या प्लेट काढल्या नसतील तर `SELFWEIGHT Y -1` फक्त बीम आणि कॉलमचं वजन घेतं, स्लॅबचं वजन `FLOOR LOAD` मध्ये हाताने द्यावं लागतं. प्लेट काढल्या असतील आणि तिथेही दिलं, तर दोनदा. म्हणून फक्त डेड लोडची केस चालवून सगळ्या सपोर्टच्या उभ्या रिअॅक्शनची बेरीज काढा आणि हाताने काढलेल्या पूर्ण बिल्डिंगच्या वजनाशी लावून बघा. तिथे मोठा फरक असेल तर एकेका कॉलमकडे बघण्यात अर्थ नाही.

बेरीज जुळली तरी आपल्या आतल्या कॉलमवर सॉफ्टवेअर हाताच्या हिशोबापेक्षा जास्त दाखवेल आणि कडेच्यांवर कमी. घाबरू नका. अर्धा-अर्धा ही वाटणी साध्या टेकलेल्या बीमची आहे, आपले बीम सलग आहेत. दोन सारख्या गाळ्यांचा सलग बीम नुसता टेकवला, तर समान पसरलेल्या लोडचा मधला आधार एका गाळ्याच्या 1.25 पट घेतो. तीन किंवा जास्त गाळ्यांत शेवटून दुसऱ्या आधाराला आयएस 456 च्या कोष्टकाने डेड लोडचे 0.6 + 0.55 = 1.15 पट येतात. कॉलम बीमशी एकसंध असल्यामुळे प्रत्यक्षात वाढ यापेक्षा कमी राहते. आपण धरलेल्या छोट्या प्लॅनमध्ये दोन्ही आतले कॉलम नेमके या जागी आहेत, म्हणून त्यांचा आकार ठरवताना 1012 वर 10 ते 15 टक्के जास्त धरून चला. कडेच्या कॉलमला मात्र तेवढी कपात देऊ नका. बाहेरची भिंत बहुधा जाड असते आणि बाल्कनी असेल तर ती पूर्ण त्याच्याच अंगावर येते.