पहिल्या चिठ्ठीत काहीच विकू नका

LinkedIn वर ओळखीच्या विनंतीसोबत पाठवायच्या चिठ्ठीचा तुमचा मसुदा वाचला. ‘आम्ही दर्जेदार पॅकेजिंग डिझाइन करतो, पाच मिनिटं बोलूया का?’ हे मसाला उद्योजकाला आठवड्यातून दहा जण लिहितात. मीही लिहायचो.

मोफत खात्यात चिठ्ठीला 200 अक्षरं मिळतात, आणि महिन्याला अशा मोजक्याच चिठ्ठ्या. म्हणून आधी त्या माणसाच्या अलीकडच्या दोन-तीन पोस्ट वाचा आणि त्यातलं एकच धरा. उदाहरणार्थ:

‘नमस्कार, हळदीच्या पाकिटात ओल धरल्याची तुमची पोस्ट वाचली. शेवटी झिपलॉक घेतलंत की आतला थर बदललात? मी मसाल्यांची पाकिटं डिझाइन करतो, म्हणून विचारलं.’

प्रश्न एका ओळीत उत्तर देता येईल असा हवा. धंदा लपवू नका, पण तो शेवटी, कारण म्हणून येऊ दे. ‘तुमचं प्रोफाइल आवडलं’ कुणालाही चालतं, म्हणून कुणालाच लागत नाही.

सुरुवातीच्या दोन चुका:

- यादीतूनच Connect दाबणं. विनंती चिठ्ठीविना जाते, आणि मागे घेतली तर त्याच व्यक्तीला तीन आठवडे पुन्हा पाठवता येत नाही. प्रोफाइल उघडूनच पाठवा.
- विनंती स्वीकारताच दरपत्रक धाडणं. त्यांनी ‘थर बदलला’ म्हटलं, तर ‘मग छपाईचा रंग तसाच राहिला का?’ एवढंच विचारा.

फॉलोअपचं नंतर बघू. आधी अशा पाच लिहा.