पद्धती प्रकरणात क्रियापदांचा काळ आणि प्रयोग कसा एकसारखा ठेवायचा?

प्रश्न: पुण्यात एम.एस्सी. करतोय, मुठाकाठच्या मातीवर मराठीत प्रबंध लिहितोय. गाइड म्हणतात, 'पद्धती' वाचून काय आधी केलं ते कळत नाही. काय बदलू?

उत्तर: बहुधा तुमचं असं झालंय: ‘नमुने वाळवले जातात. मी ते चाळले. सामू मोजावा, त्याआधी पाणी घालून ढवळावे.’ ‘जातात’ म्हटलं की ती प्रयोगशाळेची नेहमीची रीत वाटते, ‘मोजावा’ ही सूचना होते. तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत ते कुठेच ठाम नाही. वर ‘त्याआधी’मुळे वाचकाला मागे फिरावं लागतं.

केलेल्या प्रत्येक कृतीला साधा भूतकाळ, कर्ता न सांगता:

‘नमुने सावलीत वाळवून २ मिमी चाळणीतून चाळले. त्यातील १० ग्रॅम माती २५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून ३० मिनिटे अधूनमधून ढवळली. त्यानंतर सामू मोजला.’

मराठीत ‘चाळले’ एवढ्यात काम भागतं. ‘चाळण्यात आले’ची रांग कशाला लावायची? क्रम ‘वाळवून’, ‘मिसळून’ यांनी आपोआप बसतो, पण एका वाक्यात अशी दोनच रूपं ठेवा, नाहीतर ‘३० मिनिटे’ नेमकी कशाची ते कळत नाही.

वर्तमानकाळ फक्त आजही खरं असलेल्या गोष्टींना: ‘स्थळे तक्ता १ मध्ये दिली आहेत.’ आणि कोणी केलं यावर निकाल अवलंबून असेल, तर कर्ता लिहाच: ‘मातीचा रंग दोन निरीक्षकांनी स्वतंत्रपणे नोंदवला.’

तपासताना प्रत्येक वाक्याच्या शेवटच्या क्रियापदाखाली रेघ मारा. ‘-तात’ किंवा ‘-वे’ दिसलं की थांबा.