अॅपचा सीपीआय १२ रुपयांवर आणलाय, पण लोक टिकत नाहीत. सीपीआय बघू की रिटेन्शन? आणि ट्रॅकिंगला टूल कुठलं घेऊ?

एका इन्स्टॉलमागे १२ रुपये खर्च, या सीपीआयवर तुमच्या ऑफिसात कोणीतरी जाम खूश असणार, आणि तो बहुतेक तुमचा वरिष्ठ असणार. आमच्याकडेही एक होते, म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय.

पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या टेस्ट सिरीजचं अॅप होतं, फक्त अँड्रॉइडवर. राज्यसेवा आणि कंबाइनची पोरं हेच गिऱ्हाईक. अॅप फुकट, दोन-तीन टेस्ट फुकट, पूर्ण सिरीज विकत. मार्केटिंग माझ्याकडे. पार्टनर मंडळींत एक साहेब होते, त्यांना इन्स्टॉल सोडून दुसरा आकडा दिसायचाच नाही. त्यांनी एक एजन्सी आणली, ती अफिलिएट नेटवर्कमधून, म्हणजे दर इन्स्टॉलमागे पैसे घेऊन जाहिरात फिरवणाऱ्या लोकांकडून, ८ रुपयांना इन्स्टॉल द्यायची. मी गूगलची अॅप कॅम्पेन चालवायचो, माझं इन्स्टॉल ४० ला पडायचं. रिव्ह्यूमध्ये साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझ्या एकात माझे पाच येतात रे." सगळे हसले. मी म्हटलं ठीक, सहा महिने थांबा.

दोन्हीकडे २-२ लाख गेले. एजन्सीचे २५,००० इन्स्टॉल, माझे ५,०००. सातव्या दिवशी अॅप उघडणारे एजन्सीकडे २ टक्के म्हणजे ५०० आणि माझ्याकडे १४ टक्के म्हणजे ७००. म्हणजे पाचपट इन्स्टॉल आणूनही आठवड्याने माणसं कमीच. आता पैसे बघा. सहा महिन्यांत एजन्सीच्या लोकांतून ५० जणांनी काहीतरी विकत घेतलं, सरासरी १,००० रुपयांचं. माझ्यातून २०० जणांनी, सरासरी १,४०० चं, कारण पूर्व घेतलेला पोरगा निकाल लागल्यावर मुख्यचीही सिरीज घेतो. प्लेची फी तेव्हा आम्हाला १५ टक्के लागायची, ती वजा करून एजन्सीच्या एका इन्स्टॉलमागे हातात आले १ रुपया ७० पैसे, माझ्या एका इन्स्टॉलमागे ४७ रुपये ६० पैसे. ८ घालून पावणेदोन आणि ४० घालून साडेसत्तेचाळीस. एक गिऱ्हाईक एजन्सीकडून ४,००० ला पडलं, माझ्याकडून १,००० ला. यावर साहेब काय म्हणाले माहितीये? "पण ब्रँड तर पोचला ना."

पण मला खरं सांगायचंय ते यापुढचं. एवढं ऐकून लोक म्हणतात, मग रिटेन्शन बघू. एजन्सीनेही तेच ऐकलं. पुढच्या महिन्यात ते "क्वालिटी ट्रॅफिक" घेऊन आले, रेट थोडा वाढवून, आणि सातव्या दिवसाचं रिटेन्शन थेट १६ टक्के! माझ्यापेक्षा जास्त. साहेबांनी पेढे मागवायचेच बाकी ठेवले होते.

मला खटकलं ते वेगळंच. रिटेन्शन आमच्या ऑरगॅनिक लोकांसारखं जवळजवळ तंतोतंत होतं, म्हणजे जी पोरं मित्राने सांगितलं म्हणून स्वतः शोधून अॅप घेतात त्यांच्यासारखं. आणि ऑरगॅनिक त्याच आठवड्यापासून पडलं होतं. आधी रोज साधारण ६०० यायचे, ते ३७० वर आले, आणि एजन्सी रोज २४० दाखवत होती. प्ले कन्सोलमध्ये एकूण आकडा जिथल्या तिथे. मग क्लिक आणि इन्स्टॉल यातलं अंतर काढलं. खऱ्या जाहिरातीत बहुतेक लोक क्लिक केल्यावर तासाभरात अॅप टाकून मोकळे होतात, नंतर आकडा झपकन खाली येतो. यांच्यात तसा चढउतारच नाही, पहिल्या तासात जेवढे तेवढेच विसाव्या तासात. याला क्लिक स्पॅमिंग म्हणतात. हजारो फोनच्या नावावर खोटे क्लिक आधीच पाठवून ठेवायचे, त्यातला कोणी पुढे आपणहून अॅप टाकेलच, आणि शेवटचा क्लिक यांचा म्हणून श्रेय यांना आणि बिल आपल्याला. माणूस खरा असतो, म्हणून तो टिकतोही आणि विकतही घेतो. रिटेन्शनच्या तक्त्यात हा प्रकार दिसतच नाही, उलट छान दिसतो. (याचा भाऊ म्हणजे क्लिक इंजेक्शन, तिथे फोनमधलं दुसरं अॅप इन्स्टॉल संपता संपता क्लिक मारतं. तिथे अंतर काही सेकंदांचं येतं, आपलं अॅप तेवढ्यात डाउनलोडसुद्धा होत नाही, त्यामुळे तो लवकर सापडतो.)

मी साहेबांना एकच सांगितलं, दोन आठवडे एजन्सी बंद ठेवा, बाकी कशाला हात लावू नका. बंद केली. रोजचा एकूण आकडा तसाच राहिला, ऑरगॅनिक परत ६०० च्या घरात. म्हणजे जी पोरं फुकट येत होती त्यांचेच आम्ही पैसे भरत होतो. एजन्सी गेली. साहेब आजतागायत म्हणतात की "मार्केट डाउन होतं."

तर तुमच्या प्रश्नाचं: सीपीआय एकटा बघू नका आणि रिटेन्शनही एकटं नको, एका आठवड्यात आलेल्या लोकांचा गट धरून त्यांच्याकडून फी जाऊन किती आले ते बघा, आणि अधूनमधून सोर्स बंद करून बघा. गूगलवाल्या कॅम्पेनमध्ये नुसतं इन्स्टॉल हे टार्गेट ठेवलंत तर गूगल स्वस्त इन्स्टॉल करणारीच माणसं आणून देणार, त्याचा काय दोष. इन-अॅप अॅक्शनवर, म्हणजे माणूस अॅपमध्ये जे करतो त्यावर, बोली लावा. पण इथे एक मेख आहे, रोजचं बजेट एका अॅक्शनसाठी ठरवलेल्या भावाच्या निदान दहापट ठेवा असं गूगलच सांगतं. खरेदीवर बोली लावली असती तर गिऱ्हाईक १,००० चं म्हणजे रोजचे १०,०००, ते आमच्याकडे कुठले. म्हणून खरेदीच्या आधीची पायरी धरली. आमच्याकडे "पहिली पूर्ण टेस्ट सबमिट केली" ही घटना होती, विकत घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने ती केलेली असायची, आणि तिचा भाव १२० च्या आसपास. रोज १,२०० मध्ये काम भागलं. नुसतं "अॅप उघडलं" ही घटना धरू नका. चालू घडामोडींची फुकट क्विझ खेळायला रोज येणारी पोरं आमच्याकडे ढिगाने होती, रिटेन्शन एक नंबर, खिशात हात मात्र कधी घातला नाही.

टूलचं म्हणाल तर सुरुवातीला गूगलचं फायरबेस पुरे, अॅप पहिल्यांदा उघडल्याची first_open आणि खरेदीची in_app_purchase या घटना नीट येतायत का तेवढं पाहा. अफिलिएट नेटवर्क घेणारच असाल तर अॅप्सफ्लायर किंवा अॅडजस्टसारखं काहीतरी लागेल, क्लिकची वेळ कच्च्या डेटात मिळते म्हणून.

हे सगळं विकत घेण्यावर चालणाऱ्या अॅपचं झालं. तुमचं अॅप जाहिराती दाखवून कमावत असेल तर स्वस्त इन्स्टॉलचं गणित बसूही शकतं, फक्त माणूस खरा हवा. आयफोनवर २०२१ पासून परवानगीशिवाय माणूस ओळखता येत नाही, तिथे हा हिशोब एवढा स्वच्छ निघत नाही. आणि सहा महिने थांबायला खिशात पैसे लागतात, आमच्याकडे होते म्हणून जमलं, नसतील तर ३० दिवसांच्या कमाईवर अंदाज बांधा, पण परीक्षेची जाहिरात निघालेल्या आठवड्यातला गट साध्या आठवड्याच्या गटाशी लावू नका, त्या आठवड्यात भिंतीवर कागद चिकटवला तरी सिरीज खपते.