सकाळी चालणाऱ्या ग्रुपला कोणतं नाव द्यावं?

*"बडोद्यात कमाटीबागेत सकाळी चालायला जाणारा आमचा ग्रुप आहे. पंचाहत्तरीच्या पुढचे आजी-आजोबाही येतात. हसरं, सगळ्यांना सामावून घेणारं आणि छोट्या बॅजवर मावेल असं नाव सुचवा."*

माझं मत: रमतगमत.

मी बॅज, बिल्ले छापण्याच्या धंद्यात आहे, त्यामुळे नाव कानाला कसं लागतं यासोबत ते छापून कसं दिसेल हेही आपोआप बघितलं जातं. 'ज्येष्ठ', 'आनंदी', 'प्रभात' असे शब्द घेऊन लोक येतात. 'ज्येष्ठ' तर लहान अक्षरात छापला की 'ष्ठ' भरून जातो, नुसता काळा ठिपका दिसतो. शिवाय चाळिशीतल्या सुनेने तो बिल्ला का लावावा? 'चालू मंडळी' हे नाव दरवेळी कुणीतरी सुचवतंच. पुरुष हसतात, पण बायकांच्या छातीवर 'चालू' लिहिलेलं बरं दिसत नाही.

रमतगमत मध्ये वयाचा उल्लेखच नाही. हळू चालणाऱ्यालाही नाव आपलंच वाटतं, आणि तुमच्या गुजराती सोबत्यांना त्यात खेळ दिसतो, कारण त्यांच्याकडे रमतगमत म्हणजे खेळकूद.

आता छपाई. सहा अक्षरं, एकही जोडाक्षर नाही, वर-खाली मात्रा नाही. नेहमीचा गोल बिल्ला ५८ मिलिमीटरचा असतो, पण कागदाची कड मागे दुमडली जाते आणि गोलाईही असते, म्हणून मजकूर मधल्या ४८ मिलिमीटरच्या गोलातच ठेवा. एका ओळीत लिहिलंत तर जेमतेम ३० पॉइंटचं अक्षर बसेल. वर 'रमत', खाली 'गमत' असं तोडलंत तर ४५ पॉइंटपर्यंत जाता येतं. मात्रा नसल्याने ओळी जवळ आणल्या तरी एकमेकींत अडकत नाहीत. नाव कडेने गोलाकार मात्र फिरवू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांचा वाटतो.

ऑर्डर देण्याआधी साध्या कागदावर खऱ्या मापाची प्रिंट काढून कापा आणि ग्रुपमधल्या सगळ्यात वयस्कर माणसाला चार पावलांवरून वाचायला द्या. अडखळले तर अक्षर जाड करा, रंग बदलण्यात वेळ घालवू नका. पिवळ्यावर गडद निळं चांगलं उठतं. वरचं आवरण मॅट घ्या, चकचकीत घेतलं तर सकाळच्या तिरप्या उन्हात काहीच वाचता येत नाही.

एक गोष्ट दुकानदार सहसा विचारत नाही. कुडत्याला भोक नको म्हणून चुंबकाचे बॅज खपतात, पण कुणाला पेसमेकर असेल तर चुंबक त्याच्यापासून निदान १५ सेंटीमीटर लांब हवा, आणि बॅज तर नेमका छातीवरच लागतो. तेव्हा सगळ्यांसाठी पिनेचेच घ्या. मलमलच्या कुडत्याला आतून कापडाचा छोटा तुकडा लावून पिन टोचली की कापड फाटत नाही.